बाईंचा गळा आणि भ्रामरीचा हुंकार

जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि जुलै उजाडेपर्यंत शिक्षकांच्या खोलीत घसा खाकरण्याचे आवाज वाढलेले असतात. मे महिनाभर घरातल्या माणसांशी बोलण्यापुरता लागणारा आवाज अचानक चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात दिवसाचे पाच तास लावावा लागतो. त्यात पावसाळा. शाळेला पत्र्याचं छप्पर असेल तर मोठी सर आली की तिसऱ्या बाकापलीकडे शब्द पोचत नाही. अशा वेळी कोणीतरी हमखास सांगतं, ‘भ्रामरी करा, मानेचे व्यायाम करा, गळा मोकळा होईल.’ सल्ला चांगला आहे, पण बहुतेक वेळा अर्धाच सांगितला जातो. हुंकार नेमका कसा करायचा, आवाजाच्या कोणत्या तक्रारीला तो लागू पडतो आणि कोणत्या तक्रारीत तो करत बसल्यामुळे फक्त उशीर होतो, हे उरलेलं अर्धं या लेखात सांगायचं आहे.

आधी भ्रामरीचं मूळ पाहू. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामांनी रचलेल्या ‘हठप्रदीपिके’त आठ कुंभक सांगितले आहेत आणि भ्रामरी त्यांतला एक. तिथे श्वास घेतानाही भुंग्यासारखा आवाज आहे आणि सोडतानाही आहे, आणि फळ सांगितलं आहे ते योग्याच्या चित्ताला होणाऱ्या आनंदाचं. ‘घेरंडसंहिते’त तर मध्यरात्री, जिथे कोणत्याही प्राण्याचा आवाज येत नाही अशा जागी, कान हातांनी बंद करून आतले नाद ऐकायला सांगितलं आहे. गळा बसला असेल तर करा, असं या दोन्ही ठिकाणी नाही. आज आवाजासाठी जी भ्रामरी सांगितली जाते ती या जुन्या साधनेतला एक छोटा भाग आहे: नाकाने शांतपणे श्वास घ्यायचा आणि ओठ मिटून हुंकारत सोडायचा. थकलेल्या गळ्यासाठी श्वास घेतानाचा आवाज मी वगळायलाच सांगेन. आत येणाऱ्या हवेवर आवाज काढताना स्वरयंत्र आवळलं जातं आणि आपल्याला नेमकं तेच टाळायचं आहे.

गंमत अशी की योगाशी संबंध नसलेल्या आवाज-उपचारतज्ज्ञांनीही हाच हुंकार स्वतंत्रपणे उचललेला आहे. स्पीच थेरपिस्टकडे गेलात तर ते ‘म्’वर गुणगुणायला लावतील, किंवा पातळ नळीतून आवाज काढायला लावतील, किंवा नळीचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे काढत आवाज करायला सांगतील. या सगळ्यांमागचं तत्त्व एकच आहे. आवाजाची वाट तोंडापाशी अर्धवट मिटवायची. इंगो टिट्झे या अमेरिकी स्वरशास्त्रज्ञाने २००६ साली या प्रकारच्या व्यायामांमागचं भौतिकशास्त्र सविस्तर मांडलं आणि त्यानंतर हे व्यायाम जगभरच्या आवाज-उपचारांत रुळले.

वाट अर्धी मिटवल्याने काय होतं? आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. नाव तंतू असलं तरी ते स्नायूवर मऊ अस्तर असलेल्या दोन घड्या आहेत. फुप्फुसांतून वर येणारी हवा त्यांना कंप देते आणि त्या एकमेकींवर आपटत-उघडत राहतात. बाईमाणसाच्या नेहमीच्या बोलण्यात हे सेकंदाला साधारण २०० ते २२० वेळा घडतं, पुरुषाच्या बोलण्यात १०० ते १३० वेळा. ओठ मिटून हुंकारलं की हवेला बाहेर पडायला फक्त नाकपुड्या उरतात. हवा थोडी अडते आणि तिचा सौम्य दाब उलट खाली स्वरतंतूंवर येतो. त्या दाबामुळे दोन्ही घड्या जराशा विलग राहतात, त्यांची टक्कर सौम्य होते आणि कमी जोर लावूनही कंप चालू राहतो. हुंकारताना ओठांवर आणि नाकाच्या मुळाशी जी मुंग्यांसारखी झिणझिण जाणवते ती चांगली खूण आहे. आवाज वरच्या पोकळीत नीट घुमतोय आणि गळ्याला ढकलावं लागत नाहीये, हे ती सांगते.

आता हा फायदा किती मोठा, ते मोजून पाहू. प्राथमिक शाळेतल्या एका बाईंचे पाच तास शिकवण्यात जातात असं धरू. सगळा वेळ आवाज चालू नसतो. मधे श्वास असतात, मुलांची उत्तरं असतात, लिहायला दिलेलं काम असतं. एक चतुर्थांश वेळ स्वरतंतू प्रत्यक्ष कंप पावत होते असं मानलं तर ती ७५ मिनिटं झाली, म्हणजे ४,५०० सेकंद. सेकंदाला २२० टकरा धरल्या तर एका शाळेच्या दिवसात ९ लाख ९० हजार. दिवसातून तीन वेळा प्रत्येकी सहा हुंकार, एकेक सहा सेकंदांचा, असा सगळा मिळून हुंकार होतो १०८ सेकंद. ९ लाख ९० हजार टकरा बऱ्याचशा चढ्या आवाजातल्या, आणि त्यासमोर जेमतेम पावणेदोन मिनिटांचा मऊ हुंकार. पावणेदोन मिनिटं पाच तासांना पुसून टाकू शकत नाहीत. भ्रामरीचा खरा उपयोग गळ्याला चांगली सवय दाखवून देण्यात आहे, आणि ती सवय वर्गात बोलताना उतरली तरच भार हलका होतो. माझ्या मते बहुतेक लोकांची भ्रामरी इथेच वाया जाते. सकाळी डोळे मिटून सुंदर हुंकार होतो आणि अकरा वाजता तोच गळा जुन्याच पद्धतीने ओरडायला लागतो.

तेव्हा करायचं कसं, ते नीट पाहू. खुर्चीवर किंवा मांडी घालून, पाठ सहज सरळ ठेवून बसावं. खालचा-वरचा दात एकमेकांना टेकू नये; ओठ मात्र अलगद मिटलेले. जीभ तोंडात सैल पडू द्यावी. नाकाने आवाज न करता श्वास घ्यावा, छाती फुगेल इतका खोल नको, नेहमीपेक्षा थोडासाच जास्त. मग हुंकार. पण कोणत्या पट्टीत? यासाठी आपल्याकडे एक उत्तम मोजपट्टी आहे. कोणी फोनवर काही सांगत असताना आपण न ठरवता ‘हं… हं…’ म्हणत असतो. तो ‘हं’ जिथे आपोआप लागतो तीच आपली आरामाची पट्टी. तोच ‘हं’ लांबवायचा, ‘हंऽऽम्’. पाच ते आठ सेकंद पुरेत. श्वास अगदी संपेपर्यंत ताणायचा नाही, कारण शेवटच्या थेंबभर हवेवर आवाज ओढताना गळा आवळला जातो. शेजारच्या खोलीतल्या माणसाला ऐकू जाऊ नये इतकाच मोठा. मग एक-दोन साधे श्वास, आणि पुन्हा. असे सहा हुंकार झाले की थांबावं.

पुष्कळ जण भ्रामरी मुद्दाम खर्जात नेतात, हनुवटी छातीकडे दाबून. घुमारा भारदस्त वाटतो, पण स्वरयंत्र खाली दाबलं जातं आणि पाचव्या-सहाव्या हुंकाराला गळ्यात खरखर सुरू होते. खर्जाची साधना करणारे गायक गुरूच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं तिथवर पोचतात. थकलेल्या गळ्याने तिथे जायची घाई करू नये. दुसरी चूक मोठ्या आवाजाची. वर्गात सगळे मिळून भ्रामरी करतात तेव्हा आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही आणि तो नकळत चढतो. तिसरी चूक नाक चोंदलेलं असताना हट्टाने करण्याची. तोंड मिटलेलं आणि नाकही बंद, मग हवा जाणार कुठे? अशा वेळी उसाच्या रसासोबत मिळते तशी साधी नळी ओठांत धरून तिच्यातून ‘ऊ’ काढावा. काम तेच होतं.

कान बंद करायचे की नाही, हा प्रश्न नेहमी येतो. कान मिटले की आपलाच आवाज हाडांतून आत मोठा ऐकू येतो, त्यामुळे तो आपोआप लहान ठेवला जातो. हा फायदा खरा आहे. पण दोन्ही हात वर धरून कोपरं ताणली की खांदे कानांपर्यंत चढतात आणि मानेचे स्नायू आखडतात. ज्यांची तक्रारच मानेच्या ताणाची आहे त्यांनी कान उघडे ठेवून करावं, किंवा कोपरं टेबलावर टेकवून करावं. कान फुटलेला असेल, कानात दुखत असेल तर बोट लावूच नये.

कान मिटल्यावर आवाज खाली येतो, त्याच्या नेमकी उलट गोष्ट वर्गात घडते. एत्येन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ साली दाखवून दिलं की भोवती गोंगाट वाढला की माणूस न ठरवता आवाज चढवतो. पंखा घरघरतोय, शेजारच्या वर्गात पाढे चालू आहेत, पत्र्यावर पाऊस आहे, आणि बाईंना वाटतंय की आपण नेहमीसारखंच बोलतोय. मनाला बजावून हे थांबत नाही. ती कानाची आणि गळ्याची जोडणीच तशी आहे. म्हणून ‘मी आजपासून ओरडणार नाही’ हा निश्चय पहिल्या सरीला मोडतो. त्यावर उपाय आवाजाच्या बाहेर शोधावा लागतो. त्याकडे पुढे येतो.

आता मान. गळ्याच्या तक्रारीत मान कुठून आली, असं वाटणं साहजिक आहे. स्वरयंत्र दुसऱ्या कुठल्याही हाडाशी सांध्याने जोडलेलं नाही. वर जिभेच्या मुळाशी असलेलं एक छोटं अर्धगोल हाड आणि खाली छातीचं मधलं हाड, यांच्यामध्ये ते स्नायूंवर टांगलेलं आहे, दोऱ्यांवर झोळी टांगावी तसं. एका बाजूची दोरी ओढली की झोळी तिकडे सरकते आणि तिचं हलणं अडतं. फळ्यावर लिहिता लिहिता मान वळवून मागच्या बाकाला दटावणं, वह्या तपासताना तासभर हनुवटी पुढे काढून बसणं, मोठ्याने बोलताना मान पुढे ताणणं, या सगळ्यांत त्या दोऱ्या ओढल्या जातात. दिवसाच्या शेवटी कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना दुखरा ठणका लागतो तो बऱ्याचदा स्वरतंतूंचा नसून या स्नायूंचा असतो. म्हणूनच मान सैल केल्यावर आवाज मोकळा वाटतो.

महाराष्ट्रातल्या योगवर्गांत ‘ब्रह्ममुद्रा’ शिकवतात. मान चारही दिशांना संथ नेऊन थोडं थांबायचं. आवाजासाठी मी तिच्यातून मान मागे टाकणं वगळायला सांगेन, कारण त्यात गळ्याचा पुढचा भाग ताणला जातो आणि मानेच्या मणक्यांची झीज असलेल्यांना चक्कर येऊ शकते. उरलेल्या तीन हालचाली पुरेशा आहेत. खुर्चीत बसून आधी खांदे वर उचलावेत आणि उसासा टाकत सोडून द्यावेत, दोन-तीनदा. मग हनुवटी जमिनीला समांतर ठेवून मान हळूच उजवीकडे वळवावी, ताण जाणवायला लागला की तिथेच पंधरा-वीस सेकंद थांबावं आणि श्वास चालू ठेवावा, मग डावीकडे. नंतर उजव्या हाताने खुर्चीची कड धरून डावा कान डाव्या खांद्याकडे झुकवावा. उजव्या बाजूला मानेपासून खांद्यापर्यंत ओढ जाणवते. तसंच दुसऱ्या बाजूला. शेवटी हनुवटी सावकाश छातीकडे. हाताने डोकं ओढायचं नाही, मान गोल गोल फिरवायची नाही, कट्‌कन वाजवायची तर नाहीच. शेवटी दोन्ही तळवे गालांवर ठेवून जबड्याच्या कडेने हळूहळू खाली ओढावेत आणि तोंड थोडं उघडं पडू द्यावं. दात आवळून बोलणाऱ्या माणसाला या एका गोष्टीनेच मोठा फरक पडतो.

ताण आणि दुखणं यांत फरक करता आला पाहिजे. स्नायूची ओढ बोथट असते आणि सोडली की जाते. हातात मुंग्या येणं, बोटं बधिर होणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा मानेतून दंडाकडे सणक जाणं यांपैकी काही झालं तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. गळ्याच्या दोन्ही बाजू एकाच वेळी बोटांनी दाबून चोळू नयेत. तिथल्या रक्तवाहिन्यांवर दाब आला तर नाडी मंदावून घेरी येते. स्वरयंत्राभोवतीचं मर्दन नावाचा एक उपचार आहे, आणि तो चांगला आहे, पण तो शिकलेल्या थेरपिस्टच्या हातानेच घ्यावा.

मान सैल झाली, हुंकार लागला. आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, ती झिणझिण बोलण्यात आणण्याची. हुंकार चालू असतानाच ओठ उघडून ‘म्ऽऽमा’, ‘म्ऽऽमी’ म्हणावं. मग ‘म’ने सुरू होणारे शब्द: मन, माती, मावशी, मुंगी. मग वाक्यं. वर्गातलंच वाक्य घ्यावं, ‘मुलांनो, मागच्या पानावर या.’ ‘मु’वर ओठांची झिणझिण जाणवली पाहिजे आणि ती वाक्यभर टिकली पाहिजे. टिकली तर त्याच जोरात आवाज अधिक लांब पोचतो. हरवली की पुन्हा हुंकारापासून सुरुवात. वर्गात रोज म्हणायची चार-पाच वाक्यं अशी बसवून घेतली तर पंधरवड्यात ती अंगवळणी पडू लागतात. आवाज-उपचारांत याच वाटेने शिकवतात.

आता एक उदाहरण पूर्ण पाहू. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या पुष्कळ शिक्षिकांचं मिळून बनलेलं हे चित्र समजावं. चौथीच्या वर्गाच्या एक बाई, वय अडतीस. मुलं बेचाळीस. सकाळी उठताना आवाज स्वच्छ असतो, दुपारी तीनपर्यंत जड होतो, शेवटच्या तासाला घोगरा. कंठमण्याच्या बाजूंना ठणका. रविवारी आराम मिळाला की सोमवारी पुन्हा स्वच्छ. हे सगळं तीन आठवड्यांपासून. तंबाखू-मिश्रीची सवय नाही, गिळताना त्रास नाही.

या वर्णनात दिलासा देणारी गोष्ट म्हणजे सकाळचा स्वच्छ आवाज. विश्रांतीने जे जातं ते बहुधा थकवा आणि स्नायूंचा ताण. बाईंनी तीन वेळा नेमून घ्याव्यात: घरून निघण्यापूर्वी, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर. प्रत्येक वेळी दोन मिनिटं मान आणि जबडा, दोन मिनिटं हुंकार, एक मिनिट ‘म’ची वाक्यं. शाळा सुटल्यानंतरचे हुंकार टाळू नयेत. अमेरिकेत कॅथरिन व्हर्डोलिनी ॲबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना मोठ्याने बोलायला लावून स्वरतंतू सुजवले, मग काहींना गप्प बसवलं, काहींना नेहमीसारखं बोलू दिलं आणि काहींकडून असे घुमणाऱ्या आवाजाचे मऊ व्यायाम करून घेतले. दुसऱ्या दिवशी सुजेच्या खुणा व्यायाम करणाऱ्यांत कमी आढळल्या. माणसं फारच मोजकी होती, त्यामुळे यावर मोठा दावा उभा राहत नाही. पण दमलेल्या गळ्याला सौम्य हुंकार अपाय करत नाही आणि कदाचित बरंही करतो, एवढं म्हणायला जागा आहे.

आठवड्या-दोन आठवड्यांत काय अपेक्षा ठेवावी? मानेचा ठणका आधी उतरतो, बहुतेकदा पहिल्या आठवड्यातच. आवाज घोगरा व्हायची वेळ तीनवरून चारवर सरकते. पण शेवटचा तास तसाच राहिला तर बाईंनी स्वतःला दोष देऊ नये. टकरा तेवढ्याच आहेत, गोंगाट तेवढाच आहे. इथे आवाजाबाहेरचा उपाय हवा. नेल्सन रॉय यांनी २००२ साली अमेरिकेत ४४ शिक्षकांवर सहा आठवड्यांचा अभ्यास केला. काहींना कमरेला लावायचा छोटा माइक-स्पीकर दिला, काहींना आवाजाची काळजी कशी घ्यावी हे नुसतं शिकवलं, काहींना काहीच दिलं नाही. स्पष्ट फायदा माइकवाल्यांना झाला. आपल्याकडे असा माइक सहज मिळतो आणि तो वापरणं म्हणजे कमीपणा, ही समजूत सोडून द्यायला हवी. पाढे आणि कविता मुलांनी म्हणाव्यात, बाईंनी सुरुवात करून द्यावी. ‘शांत बसा’ ओरडण्याऐवजी टाळी किंवा घंटी ठरवून घ्यावी. फळ्याकडे तोंड करून बोलू नये, लिहून झाल्यावर वळून बोलावं. हे हुंकाराइतकंच कामाचं आहे, किंबहुना जास्त.

सुधारणा होतेय की नाही हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. रोज सकाळी एखाद्या अंगाईची पहिली ओळ अगदी हळू आणि उंच पट्टीत म्हणून पाहावी, झोपलेलं मूल जागं होणार नाही इतकी हळू. सुजलेले स्वरतंतू मोठा आवाज रेटून काढू शकतात, पण मऊ उंच सूर त्यांना जमत नाही. तो फुटतो, नुसती हवा येते किंवा सुरू व्हायलाच क्षणभर उशीर होतो. एखाद्या सकाळी असं झालं तर त्या दिवशी आवाज जपावा. सलग कित्येक सकाळी झालं, रविवारच्या विश्रांतीनंतरही झालं, तर हा थकवा राहिला नाही. तिथून हुंकाराचं क्षेत्र संपतं.

आणि हे क्षेत्र कुठे संपतं त्याबद्दल मला आग्रहाने बोलायचं आहे. आवाज घोगरा होण्याची कारणं अनेक आहेत आणि बाहेरून ती सारखीच ऐकू येतात. सततच्या टकरींमुळे स्वरतंतूंच्या पुढच्या एक-तृतीयांश टप्प्यावर दोन्हीकडे समोरासमोर छोट्या गाठी येतात. एखादा जोराचा ओरडा किंवा खोकला यामुळे स्वरतंतूत रक्त उतरतं. पोटातलं आम्ल वर येऊन गळा लाल होतो. विषाणूंनी सूज येते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर एका बाजूचा स्वरतंतू हलायचा थांबतो. आणि कर्करोगाचीही पहिली खूण पुष्कळदा एवढीच असते, बदललेला आवाज. यातलं काय आहे ते कानांनी सांगता येत नाही, योगशिक्षकाला नाही आणि डॉक्टरलाही नाही. आत पाहावंच लागतं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चार आठवड्यांत घोगरेपणा गेला नाही तर स्वरयंत्र पाहून घ्यावं. काही जणांनी चार आठवडेही थांबू नये: तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी यांची सवय असलेले, मानेत गाठ लागत असलेले, गिळताना दुखणारे, थुंकीत रक्त येणारे, श्वास घेताना घरघर होणारे, मानेच्या किंवा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज गेलेले, आणि ज्यांचा आवाज बोलता बोलता, ओरडता ओरडता एका क्षणात गेला ते. या शेवटच्या प्रकारात स्वरतंतूत रक्त उतरलेलं असू शकतं. तेव्हा भ्रामरीही नको, पूर्ण मौन आणि त्याच दिवशी डॉक्टर.

गाठी असतील तर हुंकाराने त्या विरघळतात का? शिक्षकांच्या गाठी लवकर सापडल्या तर आवाज-उपचारांनी बऱ्याचदा लहान होतात आणि जातातही, शस्त्रक्रिया फारशी लागत नाही. पण त्या उपचारात हुंकार हा एक भाग असतो; बोलण्याची पद्धत बदलणं, भार कमी करणं आणि थेरपिस्टने दर आठवड्याला ऐकून दुरुस्त करणं हे बाकीचं. एकट्या भ्रामरीला ते श्रेय देणं चुकीचं ठरेल. एका बाजूची पॉलिप, लकवा किंवा कर्करोग यांवर हुंकाराचा काही परिणाम होत नाही.

भ्रामरीच्या नावाने आणखी एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या एडी वाइट्झबर्ग आणि यॉन लुंडबर्ग यांनी २००२ साली दाखवलं की गुणगुणताना नाकातून बाहेर पडणाऱ्या हवेत नायट्रिक ऑक्साइड शांत उच्छ्वासाच्या पंधरापट असतं. हे निरीक्षण खरं आहे. कंपांमुळे नाकाभोवतीच्या पोकळ्यांतली हवा वेगाने बाहेर येते म्हणून ते घडतं. पण त्या प्रयोगात स्वरतंतू कोणी पाहिले नव्हते. त्यावरून ‘भ्रामरीने गळ्याचे सगळे रोग जातात’ किंवा ‘कंपनांमुळे थायरॉइड बरा होतो’ असं सांगणं म्हणजे एका खऱ्या गोष्टीच्या आधाराने खोटी गोष्ट खपवणं. थायरॉइडची गोळी हुंकारामुळे बंद करायची नसते. मन शांत होणं मात्र पटण्यासारखं आहे. लांब, संथ उच्छ्वासाने नाडी मंदावते, खांदे उतरतात, आणि ज्यांचा गळा काळजीने आवळलेला असतो त्यांना त्याचा खराच फायदा होतो. स्वात्मारामांनीही फळ सांगितलं होतं ते चित्ताचंच.

ज्येष्ठमध आणि खडीसाखरेबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. गिळलेली कोणतीही वस्तू स्वरतंतूंवरून जात नाही. गिळताना ती वाट मिटलेली असते. घशाला बरं वाटतं ते लाळ सुटल्यामुळे. ज्येष्ठमध रोज जास्त प्रमाणात चघळला तर रक्तदाब वाढतो, तेव्हा रक्तदाबाचं औषध चालू असणाऱ्यांनी जपावं. पाणी प्यावं, पण घोटासरशी फरक पडत नाही. दिवसभर थोडं थोडं प्यायलेलं रक्तावाटे स्वरतंतूंपर्यंत पोचतं.

स्वरयंत्र दाखवायचं म्हणजे फार मोठं काही नसतं. कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकातून किंवा तोंडातून बारीक कॅमेरा घालून काही मिनिटांत दोन्ही स्वरतंतू पडद्यावर दाखवतात. सोय असेल तर लुकलुकत्या प्रकाशाचा कॅमेरा, म्हणजे स्ट्रोबोस्कोपी, करून घ्यावी; तिच्यात स्वरतंतूंचा कंप संथ झालेला दिसतो आणि छोटी सूजही सुटत नाही. पुढचे आवाज-उपचार स्पीच थेरपिस्टकडे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाणी आणि श्रवण यांसाठीची ही सेवा मिळते, आणि मोठ्या शासकीय रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात विचारल्यास जवळचं ठिकाण कळतं. जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: आवाज कधीपासून बदलला, सकाळी कसा असतो, रविवारनंतर सुधारतो का, आणि दिवसाला किती तास शिकवावं लागतं. भ्रामरी करत असाल तर तीही तिथेच करून दाखवावी. पट्टी खाली जातेय का, मान पुढे येतेय का, हे जाणत्या माणसाला मिनिटभरात दिसतं.